न मिळालेल्या भाड्यावरचा टॅक्स

डिसेंबरात आम्हा कर सल्लागारांकडे सुधारित रिटर्नवाल्यांची गर्दी असायची, कारण ३१ तारखेनंतर ती सोय बंद व्हायची. गेल्या डिसेंबरात त्या गर्दीत नाशिकच्या सातपूरला चांगल्या पगारावर असलेले एक गृहस्थ आले. वडील तीन वर्षांपूर्वी मृत्युपत्र न करता गेलेले. मागे निफाडजवळची द्राक्षबाग आणि कॉलेज रोडचा गाळा, दोन्ही वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. वारस चार: आई, हे थोरले, बाग बघणारा धाकटा भाऊ आणि पुण्यात नोकरी करणारी बहीण. गाळ्याचं महिन्याचं ६० हजार भाडं थोरल्यांच्या खात्यात यायचं आणि भाडेकरू कंपनी १० टक्के टीडीएस त्यांच्याच पॅनवर कापायची.

"वाटणी झालेली नाही साहेब, म्हणून सगळ्यांचा टॅक्स मीच भरतो," हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

वाटणी झाली नसली तरी हिस्से ठरलेले होते. वडील गेले त्याच दिवशी हिंदू वारसा कायद्यानं चौघांना पाव-पाव हिस्सा मिळाला, आणि हिस्से ठरलेले असले की त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याचं कलम २६ घर किंवा गाळ्याचं उत्पन्न ज्याच्या-त्याच्या रिटर्नमध्ये टाकतं. भाडं कुणाच्या खात्यात आलं, याला तिथे किंमत नाही. कुणा जाणकारानं त्यांना एचयूएफचं, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचं, पॅन काढायला सांगितलं होतं. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मुलाकडे वैयक्तिक म्हणून येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८६ सालीच चंदर सेन प्रकरणात सांगितलंय. तरी हा सल्ला अजून फुकट वाटला जातो.

मी कागदावर मांडून दाखवलं. वर्षाचं भाडं ७,२०,०००. घरपट्टी २०,००० वजा, उरलेल्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट, राहिले ४,९०,०००. हे सगळं थोरल्यांच्या ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये गेलं की सेससह कर १,५२,८८०. चौघांत वाटलं तर प्रत्येकी १,२२,५००. आई आणि धाकटा करमुक्त मर्यादेत. थोरले आणि त्याच स्लॅबमधली बहीण यांना प्रत्येकी ३८,२२०. म्हणजे कुटुंबाचा एकूण कर निम्मा.

टीडीएसचं दुखणं वेगळंच. त्या वर्षी भाड्यावर टीडीएस कापायची मर्यादा २,४०,००० होती आणि सहमालकांचे हिस्से ठरलेले असतील तर ती प्रत्येकाला वेगळी मोजतात. प्रत्येकाचं भाडं १,८०,०००. वारसांचे हिस्से कंपनीला वेळेवर लेखी कळवले असते तर एक रुपयाही कापावा लागला नसता! आता कापलेले ७२,००० चौघांत नेण्यासाठी नियम ३७बीए होता. कंपनीच्या अकाउंटंटनं त्यांचं टीडीएस रिटर्न दुरुस्त करायला चक्क नकार दिला, असे नकार आम्हाला नवे नाहीत. मग थोरल्यांच्या रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात 'दुसऱ्या व्यक्तीचं क्रेडिट' म्हणून तिघांचे पॅन आणि प्रत्येकी १८,००० लिहिले, आणि तिघांच्या रिटर्नमध्ये तीच रक्कम थोरल्यांच्या पॅनचा उल्लेख करून मागितली. दोन्हीकडचा आकडा जुळला नाही तर रिफंड अडकतो, म्हणून चारही रिटर्न एकाच बैठकीत भरली.

त्याआधी बहिणीला फोन केला होता. टीडीएस धरूनही तिला २०,२२० आणि वर व्याज भरायचं होतं.

"सर, मला भाड्यातला एक पैसा मिळालेला नाही. दादा ठेवतो ते. टॅक्स मी का भरू?"

मी म्हटलं, ताई, घर-गाळ्याच्या उत्पन्नावरचा कर मालकाला लागतो. भाडेकरूनं भाडं बुडवलं तर सूट आहे, भावानं ठेवलं तर नाही.

"मग सातबाऱ्यावरही माझं नाव आहे. द्राक्षाचे पैसेही मी दाखवायचे का?"

तिथे मी नाही म्हणालो. वारस नोंदीनं सातबाऱ्यावर चौघांची नावं लागली, पण छाटणी, औषधं, मजुरी सगळी धाकट्याची. ई-पीक पाहणी त्याची, पिंपळगावच्या व्यापाऱ्याचे पैसे त्याच्याच खात्यात. पीक काढणाऱ्याचं उत्पन्न, ही भूमिका मी घेतली. शेतीउत्पन्न करमुक्त असलं तरी इतर उत्पन्न करपात्र असलेल्यांचा कराचा दर ते वाढवतं, म्हणून बहिणीच्या रिटर्नमध्ये ते उगाच यायला नको होतं. उद्या धाकट्यानं निव्वळ नफा चौघांत वाटायला सुरुवात केली तर हीच भूमिका मला टिकवता येणार नाही. कर अधिकाऱ्यानं आत्ताच हरकत घेतली तर औषधांची बिलं आणि पीक पाहणी माझ्याकडे आहे. खंडाचा किंवा संमतीचा कागद मात्र घरात कुणी केलेला नाही.

त्याच आठवड्यात बहिणीनं कंपनीला पत्र लिहायला लावलं. नव्या वर्षापासून पंधरा-पंधरा हजार चार खात्यांत. थोरल्यांनी सही केली, पण प्रश्न मागच्या वर्षांचा काढला. त्यांनी जास्त भरलेला कर मुदतीनंतर भरता येणाऱ्या अद्ययावत रिटर्नमधून परत मिळत नाही, कारण त्या रिटर्ननं कर फक्त वाढवता येतो. आणि बहिणीला मात्र तीच वर्षं अतिरिक्त कर भरून दाखवावी लागतील. एकाच भाड्यावर सरकार दोनदा घेणार, हे मला अजून पचलेलं नाही.

"मग तिच्या वाटचा मी भरलेला टॅक्स ती मला देणार का?" थोरल्यांनी विचारलं.

"आणि तिचं तीन वर्षांचं भाडं?" मी विचारलं. फाईल उचलून ते बाहेर गेले. जुन्या वर्षांचे कागद अजून आलेले नाहीत.