बोटीच्या टाकीची डिप आणि लिटरचा हिशोब: माझा अनुभव

कोकण किनाऱ्यावरच्या ट्रॉलरवर डिझेलची टाकी चौकोनी डब्यासारखी क्वचितच असते. इंजिनरूममध्ये जागा कमी, त्यामुळे टाकी बोटीच्या कुशीला चिकटवून बसवतात. बाहेरची बाजू बोटीच्या आकाराबरोबर खाली आत वळते, म्हणजे टाकी वर रुंद आणि तळाला अरुंद होते. अशा टाकीत डिझेलची उंची मोजायला घातलेली डिपकाठी अर्ध्यापर्यंत ओली निघाली, तर अर्धी टाकी भरलेली आहे असा हिशोब धरता येत नाही. समुद्रात डिझेल संपण्याचे प्रसंग बहुधा इथूनच सुरू होतात.

मी ज्या टाकीचा चार्ट वापरतो, तिच्या मापांवरूनच सांगतो. लांबी १५० सेंमी, उंची ९० सेंमी. तळाची रुंदी २० सेंमी, ती ६० सेंमी उंचीपर्यंत वाढत ८० सेंमी होते आणि तिथून वर दोन्ही भिंती सरळ. दर दहा सेंमीला त्यात बसणारे डिझेल असे येते:

५ सेंमी: १७ लिटर
१० सेंमी: ३८ लिटर
२० सेंमी: ९० लिटर
३० सेंमी: १५८ लिटर
४० सेंमी: २४० लिटर
५० सेंमी: ३३८ लिटर
६० सेंमी: ४५० लिटर
७० सेंमी: ५७० लिटर
८० सेंमी: ६९० लिटर
९० सेंमी: ८१० लिटर

तळाशी एक सेंमी म्हणजे जेमतेम ३ लिटर, आणि ६० च्या वर तोच एक सेंमी १२ लिटर. काठी अर्ध्यावर, म्हणजे ४५ सेंमीला ओली झाली, तर आत सुमारे २८७ लिटर असतात. ८१० च्या निम्मे ४०५ होतात, हे लक्षात घ्या.

हे आकडे मापांवरून काढलेले आहेत. खरा चार्ट मात्र टाकी भरूनच करावा, कारण आत डिझेल हिंदकळू नये म्हणून लावलेले आडवे पत्रे असतात, वेल्डिंगने कोपरे आत ओढलेले असतात आणि कारागिराचा ९० सेंमी नेहमी ९० निघतोच असे नाही. जूनजुलैच्या मासेमारी बंदीत, हंगामासाठी टाकी धुऊन कोरडी केलेली असते, ती वेळ सगळ्यात सोयीची. बोट पाण्यावर सपाट असावी किंवा वर काढली असेल तर इंजिनच्या बैठकीवर लेव्हल लावून आधी सपाट करून घ्यावी.

भरण्याची पद्धत साधी आहे, पण घाई चालत नाही. सुरुवातीला २०-२० लिटर, सरळ भिंती लागल्यावर ५०-५० लिटर टाकायचे. प्रत्येक वेळी फेस बसेपर्यंत पाचेक मिनिटे थांबायचे, मग डिप घ्यायची आणि लिहायची. वर सांगितलेल्या टाकीत पहिले २० लिटर काठीवर ५.८ सेंमी दाखवतात, ४० ला १०.६, ६० ला १४.६, ८० ला १८.३ आणि १०० ला २१.६. निमुळत्या भागात प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा लहान होत जातो. मध्येच एखादा टप्पा मोठा झाला, तर वाचनात चूक आहे किंवा एखादा कॅन कमीजास्त गेला आहे, असे समजून तिथेच थांबावे. मोजायला प्लॅस्टिकचा वीस लिटरचा कॅन वापरू नये. तो गळ्यापर्यंत भरला की वीसपेक्षा जास्तच घेतो. पंपाच्या मीटरवरून भरत असाल, तर आधी पंपावरच्या वैध मापन शास्त्राचा शिक्का असलेल्या ५ लिटरच्या मापाने मीटर तपासून घ्या. पंपवाल्याला ते माप दाखवायला सांगण्यात गैर काहीच नाही.

चार्टचे टप्पे मिळाले की मधले आकडे सरळ हिशोबाने काढता येतात. निमुळत्या भागात दहा सेंमीच्या दोन टप्प्यांमध्ये सरळ रेषा धरली, तर चूक दोन लिटरच्या आतच राहते. मात्र शून्य ते साठ अशी एकच रेषा ओढली, तर तीस सेंमीला १५८ ऐवजी २२५ लिटर येतात. म्हणून खालच्या भागात टप्पे एकमेकांच्या जवळ हवेत.

आता काठीविषयी. काठी डिप पाइपमधून सरळ खाली गेली पाहिजे. दहा अंश तिरकी गेली, तर ६० सेंमीच्या ठिकाणी ती जवळजवळ ६१ दाखवते, आणि या टाकीत तो एक सेंमी ११-१२ लिटरचा आहे. काठी खरोखर तळाला टेकली की नाही हे ओळखण्यासाठी मी एक खूण करून ठेवतो: रिकाम्या टाकीत काठी तळाला टेकवून, पाइपच्या तोंडाशी काठीवर करवतीने बारीक खाच पाडायची. पुढे प्रत्येक वेळी खाच पाइपच्या तोंडाशी आली पाहिजे. वर राहिली, तर काठी गाळावर किंवा आतल्या एखाद्या पत्र्यावर बसली आहे. तोंडाच्या खाली गेली, तर काठीचे टोक झिजले आहे किंवा तळाचा पत्रा ठोकून ठोकून खोल गेला आहे. म्हणूनच डिप पाइपच्या खाली तळावर एक जाड पट्टी वेल्ड करून घेतलेली बरी.

डिप पाइप तळापर्यंत जात असेल, तर वरच्या बाजूला, टाकीच्या छताच्या लगेच खाली, त्याला भोक असलेच पाहिजे. भोक नसेल तर टोपण बंद असताना पाइपमधली हवा अडकते, आणि आतली पातळी टाकीच्या पातळीशी जुळत नाही. टोपण काढल्यावर लगेच घेतलेली डिप आणि दोन मिनिटांनी घेतलेली डिप वेगळी आली, तर आधी हे भोक पाहावे.

काठी पुसून कोरडी करायची, वाचन जिथे अपेक्षित असेल तिथे खडू घासायचा, हळू टेकवून लगेच उचलायची. खडूवर रेघ स्वच्छ दिसते. लाकडी काठी जरा जास्त वेळ आत राहिली की डिझेल लाकडातून वर चढते, त्यामुळे मी पितळी पट्टी पसंत करतो. दोन वाचने अर्ध्या सेंमीच्या आत जुळली नाहीत, तर तिसरे घ्यावे. जेटीला लाट असताना पाण्याच्या हेलकाव्यात एका डिपवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, तीनचार घेऊन सरासरी काढावी.

पण या सगळ्यापेक्षा मोठा घोळ बोटीच्या कलण्याने होतो. खाडीत ओहोटीला बोट गाळावर बसते आणि एका बाजूला किंवा मागे झुकते. उधाणाच्या दिवसांत तर जास्तच. त्या अवस्थेतली डिप लिहूच नये, भरती येऊन बोट तरंगली की घ्यावी. तरंगत्या बोटीचाही तोल बदलतो: बर्फ भरला, जाळी मागे ठेवली, की मागची बाजू दबते. डिप पाइप टाकीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर मागेपुढे दबल्याचा फरक जवळजवळ पडत नाही. बहुतेक बोटींवर पाइप मात्र मागच्या टोकाजवळ असतो, कारण तिथे हात पोहोचतो.

यावर ओळंबा लावणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. इंजिनरूमच्या बाजूच्या फळीला मीटरभर दोरीचा ओळंबा टांगायचा, बोट सपाट असताना (म्हणजे चार्ट केला त्या अवस्थेत) तो जिथे येतो तिथे शून्याची खूण आणि पुढेमागे सेंमीच्या खुणा करायच्या. ओळंबा मागे ३.५ सेंमी सरकला, तर बोट मागे सुमारे दोन अंश झुकली आहे. टाकीच्या मध्यापासून डिप पाइप जितका मागे, त्याला या सरकण्याने गुणायचे आणि शंभराने भागायचे. पाइप ६० सेंमी मागे असेल, तर ६० गुणिले ३.५ भागिले १००, म्हणजे २.१ सेंमी. मागे झुकली म्हणून तेवढे वाचनातून वजा. पुढे झुकली असती तर मिळवले असते. सरळ भिंतींच्या भागात हे २.१ सेंमी म्हणजे २५ लिटर होतात. डिझेल तळाशी दोनतीन सेंमीच उरले असेल, तर टाकीची पुढची बाजू उघडी पडते आणि ही दुरुस्ती लागू होत नाही.

दोन्ही कुशींना टाक्या असतील आणि त्यांना जोडणारा कॉक उघडा असेल, तर बोट बाजूला झुकताच एकीतले डिझेल दुसरीत जाते. डिप घेताना कॉक बंद करून दोन्ही टाक्या लागोपाठ मोजाव्यात.

आता एक पूर्ण हिशोब. सुटताना ओळंबा शून्यावर, डिप ७१.५ सेंमी. चार्टमध्ये ७० ला ५७०, वर दर सेंमीला १२, म्हणून ५८८ लिटर. इंजिन २६ तास चालल्यावर डिप ३९.५ सेंमी, ओळंबा मागे ३.५. दुरुस्ती २.१ वजा केल्यावर ३७.४ सेंमी. एकेक सेंमीच्या चार्टमध्ये ३७ ला २१४ आणि ३८ ला २२२, म्हणजे ०.४ चे तीनेक लिटर मिळवून २१७.

मग ओळंबा शून्यावर आल्यावर काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून पुन्हा डिप घेतली. पाणी लागते तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. तो २ सेंमीपर्यंत बदलला, तर चार्टप्रमाणे तळाशी ६ लिटर पाणी आहे, आणि सुटताना ते नव्हते असे धरू. खरे डिझेल २११ लिटर, खर्च ५८८ वजा २११ म्हणजे ३७७, आणि ताशी साडेचौदा लिटर.

पुढे किती चालेल हे काढताना मात्र हिशोब वेगळा. सक्शन पाइप तळापासून ५ सेंमी वर आहे, त्याखालचे १७ लिटर इंजिनला मिळतच नाहीत. २१७ मधून ते १७ वजा केले की २०० उरतात. पाणी त्या १७ मध्येच आहे, म्हणून ते पुन्हा वजा करायचे नाही. ताशी साडेचौदाने हे पावणेचौदा तास होतात. चार्ट न पाहता ३७.४ सेंमीचे उंचीच्या प्रमाणात लिटर काढले असते, तर ३३७ आले असते. हातात असलेल्यापेक्षा १३७ लिटर जास्त, म्हणजे नऊ तासांपेक्षा जास्त इंजिन चालवण्याचा खोटा भरवसा.

एक छोटा फरक तापमानाचा. डिझेल दर अंशाला साधारण ०.०८ टक्के फुगते. पहाटेची आणि दुपारी तापलेल्या इंजिनरूममधली डिप यांत दहा अंशांचा फरक असेल, तर ५०० लिटरला ४ लिटर. गळती शोधत असाल तेव्हाच हे धरावे, आणि त्यासाठी इंजिन बंद ठेवून, सगळे कॉक लावून, संध्याकाळी आणि पहाटे अशा दोन डिप ओळंब्यासकट घ्याव्यात. टाकीतले तापमानही दोन्ही वेळी लिहावे. तापमानाने होणारी घट वजा करूनही फरक उरला, तर आधी रिटर्न लाइनचे जोड आणि गाळणीचा तळाचा स्क्रू तपासावा.