‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाची गोड बाटली

राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

पाडव्याला आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. चौघे नवऱ्याच्या ऑफिसातले जर्मन, बाकी आपलीच मंडळी, आणि नाशिकहून खास आलेली माझी आत्या. लोक आले की हातात कोथिंबीर वडीची बशी आणि बुडबुडेवाल्या वाइनचा ग्लास द्यायचा, एवढाच माझा साधा बेत. पाहुण्यांपैकी एकीने आधीच निरोप पाठवला होता की गोड वाइन तिला अजिबात चालत नाही. म्हटलं, त्यात काय, कोरडी आणू. स्वयंपाक, गुढी, खुर्च्यांची उसनवारी सगळं बिनबोभाट पार पडलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडले ते बाटलीवरच्या दोन शब्दांत.

आठवडाभर आधी मी एक प्रोसेको, म्हणजे इटलीची बुडबुडेवाली वाइन, आणली. मांडणीवर शेजारी-शेजारी दोन होत्या, एकीवर ‘ब्रूट’ आणि दुसरीवर ‘एक्स्ट्रा ड्राय’. आता मला सांगा, कोरडी वाइन हवी असलेल्या माणसाने यातली कुठली उचलावी? ड्राय म्हणजे कोरडी, एक्स्ट्रा म्हणजे जास्तीची. मी उचलली. घरी थंड करून चव बघायला आत्याला अर्धा ग्लास दिला. तिने घोट घेतला, ग्लासाकडे बघितलं आणि म्हणाली, “ही कोरडी का गं? आमच्याकडे दिंडोरीची ब्रूट मिळते, ती याहून कोरडी असते की.” बरोबर बोलत होती. पिकलेल्या नासपतीसारखी गुळमट लागत होती.

मी दोष इटालियन लोकांना दिला. ते काहीही लिहीत असतील, जर्मन तरी नेमकं लिहितात, असा विचार करून दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेले आणि झेक्टच्या मांडणीसमोर उभी राहिले. झेक्ट म्हणजे इथली बुडबुडेवाली वाइन. तिथे ‘ब्रूट’ होती, ‘एक्स्ट्रा ट्रोकन’ होती आणि ‘ट्रोकन’ होती. ट्रोकन म्हणजे जर्मनमध्ये कोरडी, हा शब्द माझ्या ओळखीचा. आम्ही घरी रीसलिंग, म्हणजे इथली साधी पांढरी वाइन, पितो, तिच्यावर ट्रोकन लिहिलेलं असलं की ती लिंबासारखी चरचरीत निघते, आठ वर्षांत कधी धोका झालेला नाही. खात्रीसाठी तिथल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ट्रोकन म्हणजे ट्रोकन. दोन बाटल्यांवर सूट होती, दोन घेतल्या. घरी येऊन एक उघडली, तर ती प्रोसेकोहूनही गोड!

इथे माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, “अगं, बाटलीच्या मागचा चौकोन स्कॅन कर ना.” मी त्याच्यावर ओरडले आणि मग स्कॅन केला. खरं सांगायचं तर सगळा उलगडा तिथेच झाला, त्यामुळे हे जरा सावकाश सांगते.

८ डिसेंबर २०२३ पासून युरोपात बनलेल्या वाइनला घटक आणि पोषणमूल्यं सांगणं सक्तीचं आहे. लेबलावर ऊर्जेचा आकडा छापावा लागतो, बाकीचा तक्ता क्यूआर कोडमागे ठेवलेला चालतो. त्या तक्त्यात कर्बोदकांच्या खाली ‘पैकी साखर’ अशी एक ओळ असते आणि आकडा १०० मिलिलिटरचा असतो. माझ्या ट्रोकनच्या पानावर तिथे २,३ ग्रॅम होतं. जर्मन लोक दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात, ते तेवीस नव्हे, दोन पूर्णांक तीन. दहाने गुणलं की लिटरचा हिशोब निघतो, २३ ग्रॅम. प्रोसेकोची रिकामी बाटली कचऱ्यातून काढली, ती १,५ म्हणजे १५ ग्रॅम. आमच्या नेहमीच्या रीसलिंगची स्कॅन केली, तिच्यात जेमतेम ०,६, म्हणजे ६.

म्हणजे तोच शब्द, तीच भाषा, आणि साखर जवळजवळ चौपट. यात कुणी फसवत नव्हतं, हे जास्त चीड आणणारं. नियमच तसे आहेत. साध्या, बुडबुडे नसलेल्या वाइनवर ट्रोकन लिहायचं तर साखर लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर फार तर ९ पर्यंत. बुडबुडेवाल्या वाइनसाठी मात्र वेगळी शिडी आहे. तिच्यावर ड्राय, सेक, ट्रोकन हे सगळे १७ ते ३२ ग्रॅमच्या पायरीवर बसतात. एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७. ब्रूट १२ च्या खाली. त्याच्याही खाली एक्स्ट्रा ब्रूट, ६ पर्यंत, आणि तळाला ब्रूट नेचर, जिच्यात ३ पेक्षा कमी आणि वरून साखर घातलेलीच नसते. डेमी-सेक, म्हणजे इथली हाल्बट्रोकन, ३२ ते ५०. त्यापुढे डू किंवा डोल्चे. एवढं एकदा कागदावर उतरवलं आणि मग माझ्या लक्षात आलं की दुकानात मी हात बरोबर उलट्या दिशेला घातला होता. एक्स्ट्रा ड्राय फसली म्हणून ‘नुसत्या ड्राय’कडे गेले, म्हणजे आणखी एक पायरी गोडाकडे चढले.

हे असं उफराटं का, तेही शोधलं, कारण कारण कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. एकोणिसाव्या शतकातली शॅम्पेन सरबतासारखी गोड असायची, रशियाला जाणारी तर विशेषच. बाटलीतला गाळ काढला की जी जागा रिकामी होते ती साखर घातलेल्या वाइनने भरतात, आणि गिऱ्हाईक बघून तो गोडवा कमी-जास्त केला जायचा. त्या गोडाच्या मानाने कमी गोड म्हणजे ‘सेक’, कोरडी. इंग्रजांना आणखी कमी हवी होती, त्यांच्यासाठी ‘एक्स्ट्रा ड्राय’. त्याहून खाली जायची वेळ आली तेव्हा कोरडी हा शब्द वापरून संपला होता, मग ‘ब्रूट’ आला, म्हणजे कच्ची, ओबडधोबड. पोमरी या शॅम्पेनच्या कंपनीने १८७४ च्या पिकाची अशी कोरडी शॅम्पेन लंडनला पाठवली आणि ती गाजली. पुढे लोकांची जीभ कोरडीकडे सरकत गेली, शब्द मात्र जिथे चिकटवले होते तिथेच राहिले. आपल्याकडे ‘हाफ’ चहा पूर्ण कपाएवढा मिळायला लागला तरी पाटीवर हाफच राहावा, तसं काहीतरी.

आत्या हे सगळं ऐकत शेंगा सोलत होती. म्हणाली, “म्हणजे कोरडी हवी तर कोरडी लिहिलेली घ्यायची नाही.” चार तासांचं माझं संशोधन तिने एका वाक्यात संपवलं.

मग पाडव्यासाठी चार ब्रूट आणल्या, पण त्याही डोळे मिटून नाही. ब्रूट म्हणजे ० ते १२ मधलं काहीही असू शकतं. ५ ग्रॅमची वाइन एक्स्ट्रा ब्रूटही म्हणवून घेऊ शकते आणि ब्रूटही, शब्द कुठला छापायचा ते बनवणारा ठरवतो. वर मोजमापात ३ ग्रॅमची सूटही दिलेली आहे. मी मांडणीसमोर उभी राहून एकेक कोड स्कॅन केला, एक १,१ ची निघाली आणि एक ०,७ ची. दुसरी घेतली. लोक बघत होते, बघू देत. सगळ्या बाटल्यांवर कोड नसतो बरं का, आधी बनलेला माल अजून दुकानांत आहे, तिथे शब्दावरच भिस्त ठेवावी लागते. आणि गोडीचा हा शब्द युरोपातल्या बुडबुडेवाल्या वाइनवर छापावाच लागतो. समोर दिसला नाही तर मागे किंवा गळ्याजवळच्या पट्टीवर शोधा, अगदी बारीक अक्षरात असतो.

आकड्यांनी घाबरून जायचं मात्र कारण नाही. ब्रूटच्या ग्लासात साखर ग्रॅमभर असते, माझ्या त्या ट्रोकनच्या ग्लासात अडीच-तीन ग्रॅम, म्हणजे चमचाही धड भरत नाही. कोलामध्ये लिटरला शंभराहून जास्त ग्रॅम असते. शिवाय आंबटपणा आणि बुडबुडे गोडी झाकतात, थंडपणाही झाकतो. माझी पहिली प्रोसेको फ्रीजमधून काढल्या काढल्या बरी लागली होती, ग्लासात दहा मिनिटं राहिल्यावर गुळमट झाली. म्हणून चव बघायची तर थोडी कोमट होऊ द्या, पाहुण्यांना द्यायची तर खूप थंड द्या.

हे आधीच सांगायला हवं होतं, आता आठवलं. इंटरनेटवर गोडीचे तक्ते बघताना ब्रूटसमोर १५ दिसलं तर तो तक्ता जुना आहे. २००९ मध्ये युरोपीय नियम बदलले आणि ती मर्यादा १२ वर आली, एक्स्ट्रा ड्रायचीही २० वरून १७ वर आली. मी अर्धा तास दोन तक्ते समोरासमोर ठेवून कुणाचं चुकलंय ते शोधत बसले होते.

पाडव्याच्या दिवशी गोड नको म्हणणाऱ्या बाईंनी ब्रूट दोनदा मागून घेतली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. पण श्रीखंड वाढलं आणि त्याच ब्रूटचा घोट घेतला तर ती ताकाच्या निवळीसारखी आंबट लागायला लागली. वाइन खराब झालेली नव्हती, समोरचा पदार्थ तिच्याहून कितीतरी गोड होता, एवढंच. त्यासाठी एक डेमी-सेक बाजूला ठेवली होती, ३८ ग्रॅमची. ती बरी टिकली, तरी श्रीखंडापुढे तिचीही गोडी फिकी पडली. पुढच्या वेळी इटलीतल्या आस्तीची डोल्चे आणणार आहे, तिच्यात द्राक्षाचीच बरीच साखर न आंबवता ठेवलेली असते, म्हणून अल्कोहोलही कमी असतं. डेमी-सेकमध्ये मात्र साखर बहुधा शेवटी मिसळलेली, तेव्हा अल्कोहोलच्या टक्क्यावरून तिची गोडी ओळखायला जाऊ नका, फसाल.

ट्रोकनची दुसरी बाटली पडूनच होती. रविवारी आत्याने मिसळ केली, तर्री नाशिकची, डोळ्यांतून पाणी काढणारी. तेव्हा ती उघडली. तेवीस ग्रॅम त्या तिखटापुढे बरोबर लागले.