एकच बिल, तीन विभाग

"सप्लायरचं बिल एकच येतं, मशीन मात्र तीन विभाग वापरतात. कुणाच्या खात्यावर किती टाकायचं, हे तुम्ही कशावर ठरवता?"

मी आधी बिलातला प्रत्येक आकडा कशामुळे वाढतो ते बघते. भाड्याच्या झेरॉक्स मशीनचंच बिल घ्या. त्यात महिन्याचं ठरलेलं भाडं असतं 36,000 आणि पानामागे 0.50. विक्री विभागाने 24,000 पानं काढली, लेखा विभागाने 16,000 आणि भांडाराने 8,000, तर पानांचे 24,000 होतात आणि बिल येतं 60,000.

बहुतेक ठिकाणी हे सगळं बिल पानांच्या प्रमाणात वाटतात. विक्रीला 30,000, लेख्याला 20,000, भांडाराला 10,000. कुणाचीच तक्रार नसते. पुढच्या महिन्यात विक्रीची पानं 8,000वर येतात, बाकी दोघांची तेवढीच राहतात. बिल 52,000वर उतरतं, आणि तरीही लेख्याच्या नावावर 26,000 पडतात, कारण 32,000 पानांतली निम्मी आता त्यांची. त्यांनी एकही पान जास्त काढलेलं नसतं. विक्रीने न उचललेलं भाडं त्यांच्यावर सरकलेलं असतं. लेख्याचे प्रमुख चिडून येतात ते इथे, आणि त्यांचं अगदी बरोबर असतं.

म्हणून अशा बिलाच्या मी दोन ओळी करते. भाडं वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या वाट्याने जातं. प्रत्येक विभागाने आपली गरज किती सांगितली होती, त्यावर तो वाटा ठरतो, कारण मशीन तेवढं मोठं घेतलं ते त्या गरजेसाठीच. इथे तो निम्मा, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश आहे. पानांचे पैसे मात्र त्या महिन्याच्या मीटरप्रमाणे. आता दुसऱ्या महिन्यात विक्रीला 18,000 अधिक 4,000, लेख्याला 12,000 अधिक 8,000, भांडाराला 6,000 अधिक 4,000. बेरीज 52,000, आणि लेख्याचे 20,000 जागच्या जागी.

याला एक मर्यादा आहे. वाटा सांगितलेल्या गरजेवर ठरतो म्हटल्यावर विभाग गरज कमी सांगू लागतात. वर्षअखेरीस मीटरचे बारा महिन्यांचे आकडे त्या मागणीशेजारी ठेवले की ते लगेच दिसतं, आणि पुढच्या वर्षीचा वाटा त्यावरून बदलता येतो. वर्षाच्या मध्येच मात्र मी तो बदलत नाही, नाहीतर भाडं पुन्हा वापराच्या मागे धावायला लागतं.

पैशांचे तुकडे करताना शेवटच्या विभागाचा आकडा टक्क्याने न काढता वजाबाकीने काढायचा. तिघांचे आकडे वेगवेगळे पूर्णांकात आणले की बेरीज बिलापेक्षा थोडी इकडेतिकडे होते आणि सप्लायरचं खातं जुळत नाही.

वाटणीचा तक्ता मी व्हाउचरलाच जोडून ठेवते. चार महिन्यांनी बिलातली काही रक्कम कमी करणारी सप्लायरची क्रेडिट नोट आली, तर ती मूळ बिलाच्याच प्रमाणात परत वाटावी लागते, आणि ते प्रमाण तोवर कुणाच्याही लक्षात नसतं.