फोटो उडाले, मग नुसत्या वर्णनावरून पक्षी कसा ओळखला

मेमरी कार्ड वाचलं जाईना आणि पाण्याकाठी काढलेले एका छोट्या तपकिरी पक्ष्याचे सगळे फोटो गेले. कार्ड असं रुसलं की त्यावर नवीन फोटो काढायचे नाहीत. जुन्या फाइलच्या जागेवर नवी फाइल बसली की रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही ती सापडत नाही. माझ्या बाबतीत रिकव्हरीतूनही काही हाती लागलं नाही, त्यामुळे पक्षी ओळखायचा तो वर्णनावरूनच. असं वर्णन कसं लिहायचं ते या एका पक्ष्याच्या निमित्ताने सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी एक पथ्य पाळलं: पक्ष्यांचं पुस्तक उघडलं नाही. चित्र एकदा पाहिलं की आठवणीतला पक्षी हळूहळू त्या चित्रासारखा होत जातो, आणि न पाहिलेली पांढरी भुवईही पाहिल्यासारखी वाटायला लागते. म्हणून आधी कागद, पुस्तक नंतर. कागदावर तीन रकाने केले: ‘दिसलं’, ‘नक्की नव्हतं’ आणि ‘लक्ष गेलं नाही’. शेवटचे दोन वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं. ‘कमरेवर पांढरा रंग नव्हता’ या वाक्याने दोन-तीन जाती एकदम बाद होतात. पण कमरेकडे पाहिलंच नसेल आणि तरी ‘नव्हता’ लिहिलं, तर खरी जातच बाद होते.

आकार सेंटिमीटरमध्ये लिहिला नाही. लांबवरचा पक्षी सेंटिमीटरमध्ये कुणालाच धड सांगता येत नाही, आणि दुर्बिणीतून किंवा झूममधून पाहिलेला तर हमखास मोठा वाटतो. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा हीच आपली मोजपट्टी. मी लिहिलं: ‘बुलबुलाएवढा, साळुंकीपेक्षा लहान.’ खात्रीसाठी तो बसला होता तो दगड नंतर जवळ जाऊन वितीने मोजला. पक्षी उडून गेला तरी दगड तिथेच असतो, हा फायदा जरूर घ्यावा. त्यासोबत ठेवणही लिहिली: शरीर आडवं, मान आखूड, पाय मध्यम, आणि शेपटी मिटलेल्या पंखांच्या टोकांपुढे बरीच आलेली.

चोच ‘लांब’ म्हणून भागत नाही. चोचीचं माप डोक्याच्या तुलनेत सांगायचं. चोचीच्या बुडापासून डोक्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक डोकं. इथे चोच साधारण एक डोकं लांब, सरळ, बारीक होती. वर किंवा खाली वाकलेली नव्हती. एवढ्यावर चिखलातला किडा टिपणारा पाणपक्षी ही दिशा ठरते. दाणे खाणाऱ्याची चोच आखूड आणि जाड असते, त्यामुळे तो सगळा गट इथेच सुटतो.

रंगावर मी सगळ्यात कमी भर दिला, कारण फसवणूक तिथेच जास्त होते. कलत्या उन्हात करडा रंग सोनेरी दिसतो, उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर सगळंच काळपट दिसतं, आणि चिखल लागलेल्या पायांच्या रंगावर तर विसंबूच नये. रंगाचं नाव फसवं, रंग जिथे बदलतो ती रेघ भरवशाची. त्यामुळे ‘पाठ तपकिरी, पोट पांढरं’ एवढ्यावर न थांबता सीमारेषा लिहिली: छातीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी डाग, आणि तो डाग व मिटलेला पंख यांच्या मधून पोटाचा पांढरा रंग खांद्याकडे पाचरीसारखा वर चढलेला. पुढे हीच पाचर सगळ्यात कामाची ठरली.

आता जागा आणि वागणं. ‘तळ्याकाठी’ हा शब्द अपुरा आहे. पाणी वाहतं होतं की साचलेलं, काठ दगडांचा की गवताचा, पक्षी एकटा की थव्यात, हे लिहावं लागतं. माझा पक्षी वाहत्या पाण्याकाठच्या उघड्या दगडांवर एकटाच होता आणि शरीराचा मागचा भाग सतत वर-खाली हलवत होता. जवळ गेल्यावर तो पाण्याला जवळजवळ लागून उडाला. पंख ताठ, किंचित खाली वाकवलेले, थोडी फडफड मग थोडं तरंगणं. उडताना पंखावर लांब पांढरी पट्टी दिसली, पाठ आणि कंबर मात्र सलग तपकिरी. यातलं बरंचसं एका स्थिर फोटोत आलंच नसतं.

आवाज देवनागरीत चांगला उतरतो, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपोआप नोंदलं जातं. मी लिहिलं: ‘ती-वी-वी-वी, बारीक, पातळ, पुढचे स्वर किंचित उतरत गेलेले, उडाल्याबरोबर सुरू.’ आवाज कधी काढला हेही लिहायचं, कारण दचकून उडतानाची हाक आणि गाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शक्य असेल तर तिथल्या तिथे तोंडाने नक्कल करून फोनवर रेकॉर्ड करावी. ती बेसूर असली तरी चालते. स्वर किती आणि चढ की उतार, एवढं त्यातून कळतं.

मग पुस्तक उघडलं. शेपटी हलवण्याच्या सवयीवरून धोबी पक्ष्याची शंका येते, पण धोब्याची शेपटी लांब आणि चोच खूपच आखूड असते. चिखलात किडे टिपणाऱ्या छोट्या पाणपक्ष्यांपैकी उरले तीन तुतवार.

हिरवा तुतवार वरून जवळजवळ काळा दिसतो. उडताना त्याची पांढरी कंबर लखकन डोळ्यांत भरते, पंखावर पट्टी नसते, आणि तो दचकला की खणखणीत आवाज करत उंच निघून जातो. ‘कंबर सलग तपकिरी’ या नोंदीने तो बाद झाला. ठिपकेवाल्या तुतवाराची पाठ ठिपक्यांनी भरलेली, डोळ्याच्या मागपर्यंत गेलेली ठळक पांढरी भुवई, पाय लांब आणि पिवळसर. तो दलदलीत, भिजलेल्या शेतांत जास्त रमतो. त्याचीही कंबर पांढरी आणि पंखावर पट्टी नाही, म्हणून तोही गेला. भुवई माझ्या कागदावर ‘लक्ष गेलं नाही’ या रकान्यात होती, त्यामुळे तिचा आधार घेतला नाही, आणि घ्यावाही लागला नाही.

राहिला सामान्य तुतवार, इंग्रजीत कॉमन सँडपायपर. पाचर, पंखावरची पट्टी, तपकिरी कंबर, पाण्यालगतचं उडणं आणि उतरती हाक, सगळं जुळलं. लांबी साधारण 20 सेंटिमीटर, म्हणजे बुलबुलाएवढाच. एका जाणकार निरीक्षकाला पाठवलेला मजकूर एवढाच होता:

‘बुलबुलाएवढा, आडवा, आखूड मानेचा. चोच सरळ, एक डोकं लांब. वरून तपकिरी, पोट पांढरं. पांढरी पाचर खांद्यापुढे चढलेली. उडताना पंखावर पांढरी पट्टी, कंबर पांढरी नाही. वाहत्या पाण्याकाठी दगडांवर एकटा, मागचा भाग सतत हलता. उडताना पाण्यालगत, ती-वी-वी-वी. भुवई पाहिली नाही. पाय चिखलाने माखलेले, रंग सांगता येत नाही.’

त्यांनी उलट एकच प्रश्न विचारला: कंबर नेमकी कधी दिसली? उडून दूर जाताना, मागून, चांगल्या उजेडात, असं कळवल्यावर त्यांनी नावाला दुजोरा दिला. पक्षी पूर्ण वाढलेला होता की त्या वर्षीचं पिल्लू, हे मात्र ठरवता आलं नाही. त्यासाठी पंखांवरच्या पिसांच्या कडांची बारीक नक्षी पाहावी लागते, आणि ती फोटोंबरोबरच गेली. नोंदीत वयाची जागा कोरी ठेवली.