बावीस मात्रांचा प्राजक्त

रविवार, रात्री

नववीतली भाची दुपारी वही घेऊन आली. वृत्त ओळखायला सराव हवा होता, म्हणून मीच एक ओळ रचून दिली:

तुझ्या अंगणी आज प्राजक्त सांडे

तिने लघूवर अर्धचंद्र, गुरूवर आडवी रेघ काढली, लघूची १ आणि गुरूच्या २ मात्रा धरून बेरीज केली नि म्हणाली, "बावीस! मावशी, तुझं चुकलंय."

चूक तिचीही नव्हती. शाळेत नियम असा घोकून घेतात की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. म्हणून तिने 'झ्या'मुळे 'तु' गुरू केला आणि 'प्रा'मुळे 'आज'मधला 'ज'सुद्धा. म्हटलं, मोठ्यांदा म्हणून बघ. 'विद्या' म्हणताना 'वि'वर आघात येतो, जीभ जरा थबकते. 'तुझ्या' म्हणताना थबकते का? नाही. 'पुन्हा', 'तुम्ही' यांचंही तसंच, पहिलं अक्षर लघूच राहतं. 'आज प्राजक्त'मध्ये तर जोडाक्षर पुढच्या शब्दाचं. संस्कृतात ते सहसा मागच्याला गुरू करतं, मराठी उच्चारात मात्र 'ज' सुटा आणि हलकाच राहतो. 'प्राजक्त'मधला 'ज' मात्र खरोखर गुरू, कारण 'क्त'चा भार त्याच्यावर पडतो. एकाच ओळीत एक 'ज' लघु, दुसरा गुरू. (हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण कबूल कोण करणार!)

मग तीन-तीन अक्षरं तोडली: तुझ्या अं, गणी आ, ज प्राज, क्त सांडे. प्रत्येक वेळी लघु, गुरू, गुरू, म्हणजे 'यमाता', य गण. चार य गण, १२ अक्षरं, २० मात्रा: भुजंगप्रयात. मनाच्या श्लोकांचं वृत्त. त्या चालीवर ओळ म्हटली तेव्हा कुठे तिला पटलं.

पण लगेच शब्द फिरवून तिने लिहिलं, 'अंगणी तुझ्या आज प्राजक्त सांडे'. "मात्रा वीसच आहेत!" खरंच होत्या. अक्षरंही बाराच. पण आता सुरुवात 'अंगणी', गुरू लघु गुरू, म्हणजे र गण. हे अक्षरगणवृत्त, इथे लघु-गुरूची जागासुद्धा ठरलेली. नुसती बेरीज जुळून भागतं ते मात्रावृत्तात, आणि तिथेही आवर्तनं सांभाळावी लागतातच. चालीवर म्हणायला गेली तर पहिल्याच अक्षराला अडखळली.

मूळ ओळ परत लिहिली, पण हिला प्राजक्ताऐवजी दुसरं फूल हवं होतं. 'मोगरा' बसेना, कारण 'मो'नंतर गुरू हवा तिथे लघु 'ग' येतो. दहा मिनिटं खोडाखोड करून तिने 'आज जास्वंद सांडे' आणलं. मोजलं, चारही य गण चोख.

आता जास्वंदीचा सडा पडलेला कुणी पाहिलाय, हे तिला उद्या विचारीन.