तुम्ही विचारलंत म्हणून: रेनॉल्ड्स स्ट्रेस

"खळाळत्या प्रवाहातल्या वेगाच्या चढउतारांची सरासरी शून्य असते ना? मग सरासरी काढल्यावर समीकरणात हा जादा स्ट्रेस येतो कुठून?"

गुणाकारातून. प्रवाहाच्या दिशेचा वेग सरासरी अधिक चढउतार, म्हणजे `u = U + u'`, असा लिहिला आणि त्याला काटकोनातला वेग `v` पण तसाच लिहिला, तर `u'` ची सरासरी शून्य होते, `v'` ची पण होते. पण संवेगाच्या समीकरणात `uv` असा गुणाकार आहे, आणि `u'v'` ची सरासरी शून्य व्हायलाच हवी असं कुठेच म्हटलेलं नाही. विद्यार्थी असताना ही मांडणी मी पाठ केली होती. ती कळली मात्र आकडे घालून पाहिल्यावर.

दोन सपाट भिंतींमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यातून पाणी सरासरी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहतंय, असं धरा. भिंतीवरचा घर्षण-स्ट्रेस साधारण २ पास्कल येतो. भिंतीवर २ आणि मध्यावर शून्य, मध्ये सरळ रेषेत उतरता. हे दाबाच्या उताराशी तोल साधायचा म्हणून ठरलेलंच आहे. म्हणजे खालच्या भिंतीपासून सव्वा सेंटिमीटरवर दीड पास्कल हवा. तिथे सरासरी वेगाचा उतार सेकंदाला सुमारे ९. त्याला पाण्याच्या श्यानतेने, म्हणजे ०.००१ ने, गुणलं की ०.००९ पास्कल. उरलेला जवळजवळ सगळा दीड पास्कल कोण वाहतं?

भोवरे वाहतात. पाण्याचा एक गोळा खालून वर आला (`v'` = +३ सेंमी/सेकंद), तर तो भिंतीजवळचा संथ वेग घेऊन येतो (`u'` = −५). गुणाकार −१५. दुसरा गोळा वरून खाली गेला (−३), तर तो जलद पाणी आणतो (+५). गुणाकार पुन्हा −१५! खरे गोळे इतके शिस्तीत नसतात, काही उलट चिन्हाचेही असतात, पण सरासरी याच सुमाराला राहते. −१५ सेंमी²/सेकंद² चं चिन्ह उलटवून घनतेने, म्हणजे `ρ` ने, गुणलं की बरोबर दीड पास्कल.

तेव्हा हा पाण्यातला वेगळा ताण नाही. भोवऱ्यांनी भिंतीकडे नेलेला संवेग आहे. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८९५ मध्ये सरासरी घेतली तेव्हा तो डावीकडच्या वहनाच्या पदातून निघाला; उजवीकडे नेला की `-ρ<u'v'>` श्यानतेच्या स्ट्रेसशेजारी बसतो, म्हणून स्ट्रेस म्हणायचं. टोकदार कंस म्हणजे सरासरी. भिंतीवर `v'` शून्य असतो, त्यामुळे अगदी कडेला सगळं काम श्यानताच करते. आपल्या उदाहरणात दोघांचा वाटा सारखा होतो तो भिंतीपासून जेमतेम पाव मिलिमीटरवर.

अडचण अशी की सरासरीचं समीकरण `<u'v'>` मागतं, पण किती ते सांगत नाही. त्याचं समीकरण लिहायला जावं तर त्यात तीन चढउतारांचे गुणाकार येतात, आणि तेही माहीत नसतात. म्हणून दीड पास्कलला ९ ने भागून "भोवऱ्यांची श्यानता" काढतात. इथे ती पाण्याच्या सुमारे १६५ पट येते. हा आकडा पाण्याचा गुणधर्म नाही, त्या जागच्या प्रवाहाचा आहे. भिंतीपासून पाव मिलिमीटरवर, जिथे वाटे सारखे होतात, तिथे तो फक्त १ पट येतो.