चाळीस मीटरवर

डिसेंबरातली शालेय स्पर्धा. निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो, ते दिवस. १०० मीटरची हीट सव्वाआठला सुटणार म्हणून मी पावणेआठलाच पोरांना मैदानाच्या तीन फेऱ्या मारायला लावल्या. मग पाहुण्यांची वाट बघणं सुरू झालं. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, संचलन झालं. हीट सुटली नऊ वाजून दहा मिनिटांनी. क्रीडाशिक्षकांना यात नवीन काही नाही.

मधल्या वेळात मी जे केलं ते १८ वर्षं करत आलो होतो. पोरांना गार मातीत बसवलं, पाय पसरायला लावले आणि एकेकाच्या पाठीवर हात ठेवून पुढे दाबलं. ‘अंगठा धर, सोडू नको, ६० मोज.’ एक पाय झाला की दुसरा, मग परत पहिला. पोरं कण्हायला लागली की बरं वाटायचं, अंग मोकळं होतंय असं वाटायचं.

तिसऱ्या लेनमध्ये नववीतला एक मुलगा होता. मखमलाबादकडचा, द्राक्षबागेत काम करणाऱ्याचा पोरगा. वर्षभरात इतका उंच झाला होता की आईने युनिफॉर्मची पॅन्ट दोनदा उसवून खाली सोडली होती, तिची जुनी घडी गुडघ्याखाली दिसायची. सुटला झकास. चाळीस मीटरवर त्याचा हात एकदम मागे नितंबाकडे गेला, एका पायावर दोन उड्या मारल्या आणि तो फक्कीच्या रेषेवर बसला. बसला म्हणजे एका कुशीवर कलंडला.

मी धावत गेलो. ‘हॅमस्ट्रिंग ओढली’ म्हणालो आणि त्याला उताणा करून पाय सरळ वर उचलला, स्नायू मोकळा करायला. तो ज्या आवाजात ओरडला तो अजून कानात आहे.

रिक्षात तो एकाच बाजूवर बसला, दुसरी बाजू सीटला टेकवेना. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मांडीचा मागचा स्नायू ओढला तर दुखतं साधारण मांडीच्या मध्याला किंवा थोडं वर. याचं दुखणं बरोब्बर तिथे होतं जिथे आपण बाकावर टेकतो. शिवाय त्याने सांगितलं होतं, ‘सर, आत काहीतरी कट् झालं.’ एक्स-रेत बैठकीच्या हाडाचा एक छोटा तुकडा सुटून खाली आलेला दिसला. या वयात मांडीचा मागचा स्नायू जिथे हाडाला धरतो तो भाग अजून पक्का जुळलेला नसतो, मध्ये वाढीची कूर्चा असते. स्नायूने जोरात हिसका दिला की स्नायू फाटण्याआधी कूर्चाच सुटते. मी पाय उचलला, म्हणजे सुटलेला तुकडा आणखी ओढला. तुकडा फार सरकला नव्हता म्हणून ऑपरेशन टळलं. कुबड्या मात्र आल्या आणि पहिले काही आठवडे त्या स्नायूला ताण द्यायचाच नाही, अशी तंबी मिळाली. वडील बागेतूनच आले होते, बाहीवर फवारणीचे डाग. ‘पोरगं धावंल ना सर परत?’ एवढंच विचारलं.

फिजिओथेरपिस्ट बाईंना मी सरळ विचारलं, माझ्या दाबण्याने झालं का? त्या म्हणाल्या, ‘ते मी सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकणार नाही. पण फेऱ्या मारून झाल्यावर तासभर त्याला मातीत बसवलंत, हे तर नक्की ना?’

मग त्यांनी समजावलं ते कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात मी ऐकलं नव्हतं. फेऱ्यांनी तापलेला स्नायू थंडीत बसून राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत गार होऊ लागतो. त्यावर एका जागी धरून लांबवर ताण दिला की तो सैल पडतो, आणि सैल पडलेला स्नायू जोर हाडापर्यंत उशिरा पोचवतो. मेंदूकडून येणारा हुकूमही थोडा वेळ मंदावतो. एका स्नायूला मिळून मिनिटभराहून जास्त ताण दिला तर लगेच नंतरच्या ताकदीत सरासरी चार-पाच टक्के घट दिसते, त्याहून कमी धरला तर जेमतेम एक टक्का. मी एका पायाला दोनदा ६० मोजत होतो.

आम्हा मास्तरांना हे स्टॉपवॉचवर दिसत नाही, कारण आपल्या अंगठ्याची चूकच त्याहून मोठी असते. म्हणून मी उभ्याने लांब उडी मोजली. एक दिवस दाबून-धरून झाल्यावर, एक दिवस चालत्या हालचालींनंतर, टेप तोच. सगळ्यांत फरक पडला नाही, पण काही पोरांची उडी चार-चार बोटं कमी भरली. १८० सेंटिमीटर उडणाऱ्याचे चार टक्के म्हणजे सात सेंटिमीटर होतात, टेप तेवढं दाखवतो.

आता धावण्याआधी कोणी बसत नाही. पाच मिनिटं हलकं धावणं. मग चालता चालता लांब पाऊल टाकून गुडघा खाली नेणं, कठड्याला धरून पाय पुढे-मागे झुलवणं, आधी कमरेखाली आणि मग हळूहळू वर. फेकायचा नाही, झुलवायचा. हा फरक पोरांना सांगावाच लागतो, नाहीतर लाथा सुरू होतात. त्यानंतर गुडघे वर, टाचा मागे, स्किपिंग, आणि शेवटी ३० मीटरच्या तीन धावा, प्रत्येक आधीपेक्षा जोरात. या शेवटच्या धावाच आमच्याकडे गाळल्या जातात, ‘दमतील’ म्हणून. मग तो जोर पाय पहिल्यांदा अनुभवतो ते थेट बंदूक वाजल्यावर. पाहुणे लांबले तर स्वेटर अंगावरच, आणि दर दहा मिनिटांनी उठून दोन मिनिटं स्किपिंग.

आमच्या जिल्ह्याचं नाव लांब पल्ल्याने झालं, सावरपाड्याच्या कविता राऊतने. त्यामुळे फेऱ्या मारा आणि बसून ताणा, हाच वॉर्मअप सगळ्यांच्या अंगवळणी पडला. दहा हजार मीटर धावणाऱ्याला त्याने फारसं बिघडत नसेल, पण ब्लॉकमधून सुटणाऱ्याचं बिघडतं.

बसून ताणणं मी बंद केलेलं नाही, मागे ढकललंय. सराव संपला, श्वास खाली आला की प्रत्येक स्नायूला ३० सेकंद, दोन वेळा. पाठीवर हात कोणाचाच नाही, ताण जाणवला की तिथेच थांबायचं. वाढत्या पोरांचं हाड पुढे जातं आणि स्नायू मागे राहतो, त्यांना हे आठवड्यातून चार दिवस लागतंच. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं मात्र त्याने फारसं कमी होत नाही, तसं पोरांना सांगणं मी सोडलंय. अडथळ्यांच्या शर्यतीतल्या मुलीला आधीही थोडं चालतं, कारण तिला पाय उंच जायलाच हवा. तिला १५ सेकंद, आणि लगेच पुढे पाय झुलवणं आणि धावा.

यंदा शेजारच्या शाळेचे सर पोरांच्या पाठी दाबत होते. मी बोललो. ‘अहो, आपण लहानपणी हेच केलं, काय झालं आपल्याला?’ म्हणाले. खरंच आहे, बहुतेकांना काही होत नाही.

तो मुलगा आता दहावीत आहे. चार महिन्यांनी धावायला लागला. सराव संपल्यावर उताणा पडून पायाला टॉवेल अडकवतो आणि ३० मोजतो. एकदा मोजता मोजता थांबून त्याने विचारलं, ‘सर, तुम्ही दाबलं त्यानेच झालं होतं का?’

मी म्हटलं, माहीत नाही रे. त्याने सतरापासून पुढे मोजायला घेतलं.